अनुभव धागा : गुणवत्ता पुरस्कारानंतर सहकाऱ्यांचे आभार मानताना

परिसेविका, प्रसूतिगृह, उपजिल्हा रुग्णालय (परभणी जिल्हा)
आमच्या प्रसूतिगृहाला ‘लक्ष्य’ कार्यक्रमाचे प्रमाणपत्र मिळाले असून जिल्ह्याच्या ठिकाणी सत्कार होणार आहे. विभागाच्या वतीने तीन मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नावांची यादी वाचली तर वेळ यादीतच संपतो, आणि ‘सर्वांचे आभार’ म्हटले तर ते कोणालाच आपले वाटत नाहीत. ज्यांनी असे आभार मानले आहेत किंवा ऐकले आहेत, त्यांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती.

निवृत्त अधिसेविका, नांदेड
सिस्टर, भाषण लिहायला बसताना मूल्यमापनाची तपासणी सूची समोर ठेवा. बाहेरून आलेले मूल्यमापक चार मार्गांनी गुण देतात : स्वतः पाहून, कर्मचाऱ्यांना विचारून, नोंदी तपासून आणि रुग्ण व नातेवाइकांशी बोलून. त्यामुळे प्रत्येक गुणामागे कोणाचे तरी हात असतात आणि ते शोधता येतात. आमच्या वेळी मूल्यमापकांनी सफाई करणाऱ्या मावशींना ब्लीचिंगचे द्रावण कसे करता, असे विचारले. एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर, रोज ताजे, आणि हातमोजे घालून, असे त्यांनी न अडखळता सांगितले, आणि तो गुण त्यांच्यामुळे मिळाला. भाषणात मी एवढेच सांगितले आणि मावशींना उभे राहायला सांगितले.

दुसरे असे की, मंचावरील मान्यवरांची नावे सूत्रसंचालक आधीच घेतात. ती तुम्ही पुन्हा घेतलीत तर एक मिनिट जाते. जिल्हा शल्य चिकित्सक आणि वैद्यकीय अधीक्षक यांचा उल्लेखही त्यांनी नेमके काय दिले, यासाठी करावा. पद म्हणून करू नये. कागद आदल्या दिवशी घड्याळ लावून मोठ्याने वाचा. सावकाश वाचले तर तीन मिनिटांत साधारण तीनशे शब्द बसतात.

वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा
अधिसेविका मॅडमचे म्हणणे मान्य आहे, परंतु माझ्या मते आरंभ निष्पत्तीने व्हावा. आपल्याकडे माता आणि बाळे वाचली म्हणून हा सन्मान मिळाला, हे सभागृहाला कळले पाहिजे. एखाद्या अतिरक्तस्रावाच्या मातेची हकिकत, गावाच्या उल्लेखासह, सांगितली तर ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते.

निवृत्त अधिसेविका, नांदेड
डॉक्टरसाहेब, निष्पत्ती हा मानकांच्या आठ क्षेत्रांपैकी एक आहे, एवढे खरे. उरलेले बहुतेक गुण व्यवस्था आणि पद्धती यांचे असतात. एका उपजिल्हा रुग्णालयाच्या एका वर्षाच्या आकड्यांवरून मृत्यू कमी झाले असे मंचावरून म्हणणे धाडसाचे ठरेल. हकिकतीबद्दल माझा ठाम विरोध आहे. समोर पत्रकार बसलेले असतात आणि गाव, महिना व त्रास इतके सांगितले की तालुक्यात ती बाई ओळखू येते. त्याच मूल्यमापनात रुग्णाच्या गोपनीयतेचेही गुण असतात.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लातूर
पुरस्काराच्या रकमेचे वाटप कसे करावे, असा प्रश्न मी समजलो, म्हणून त्याबद्दल लिहितो. ‘कायाकल्प’च्या रकमेपैकी ७५ टक्के रुग्णालयाच्या सुधारणेसाठी आणि २५ टक्के कर्मचाऱ्यांसाठी असते. आमच्याकडे भाषणात ‘सर्वांना वाटा मिळेल’ असे सांगितले गेले, परंतु कंत्राटी कर्मचारी त्यात येतात का, हे ठरायचे राहिले होते, आणि पुढे बरेच दिवस विभागात कुरबुर चालली. भाषणात पैशाचा विषय काढू नये, एवढे मात्र तुमच्याही उपयोगाचे आहे.

कंत्राटी कक्षसेवक, हिंगोली जिल्हा
मी ऐकणाऱ्यांच्या रांगेतला आहे. एका सत्कारात आमचा उल्लेख ‘आणि इतर कर्मचारी’ असा झाला. मे महिन्यात रुग्णालयाला टँकरने पाणी येत होते, तेव्हा प्रसूतिगृहाच्या कोपराने उघडायच्या नळाला पाणी राहावे म्हणून आम्ही पहाटे टाकी भरून घेत होतो. नळ कोरडा असता तर हात धुण्याची सहा पायऱ्यांची चित्रे भिंतीवर असून काय उपयोग झाला असता? नाव घेतले नाही तरी चालेल, परंतु कामाचा उल्लेख व्हावा, असे मनापासून वाटते.

परिसेविका, परभणी जिल्हा
सर्वांचे लेखन वाचून मसुदा केला आहे. मधला भाग येथे देते :

*“मूल्यमापक आले त्या सकाळी प्रसूतिगृहातील सातही ट्रे झाकलेले आणि तारखेसह तयार होते. ते केवळ त्या सकाळी तयार नव्हते. प्रत्येक पाळी बदलताना दोन सिस्टर मिळून ते तपासतात, म्हणून तयार होते. ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर राहिले, कारण आमचे औषधनिर्माते रोज दोनदा तापमान लिहितात आणि वीज गेल्यावर स्वतः येऊन पाहतात. बाळ जन्मल्यावर एका मिनिटात ते इंजेक्शन मातेला मिळते, त्याची सुरुवात त्या वहीपासून होते.*

*रात्रपाळीच्या अधिपरिचारिकांचे आभार मी पार्टोग्राफसाठी मानते. दोन माता एकाच वेळी कळा देत असतानाही दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके त्यांनी त्याच वेळी नोंदवले. सकाळी बसून भरलेला कागद आमच्याकडे नाही. मूल्यमापकांनी एका मातेला विचारले की, आत तुमच्याजवळ कोण होते. ती म्हणाली, माझी आई. सोबतीण आत येऊ शकली, कारण आमच्या मावशींनी पडदे धुऊन वेळेवर परत लावले आणि दोन खाटांमध्ये आडोसा राहिला. उन्हाळ्यात नळाला पाणी ठेवणाऱ्या आमच्या कक्षसेवक मामांनी कृपया उभे राहावे.”*

निवृत्त अधिसेविका, नांदेड
पार्टोग्राफचे वाक्य उत्तम आहे, परंतु ‘आमच्याकडे नाही’ असे म्हणण्यापूर्वी मागील तीन महिन्यांचे कागद काढून पाहा. एकाच शाईत, एकाच हाताने, बारा तासांच्या नोंदी सरळ रेषेत दिसल्या तर ते वाक्य गाळा, कारण समोर बसलेल्या सिस्टर ते जाणतात. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि मधल्या वर्षांत राज्याचे पथक पुन्हा पाहणी करते, म्हणून शेवटी ‘आम्ही हे मिळवले’ यापेक्षा पुढच्या पाहणीपर्यंत कोणते काम कोणाकडे आहे, हे एका वाक्यात सांगितलेले चांगले.

वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा
हकिकतीबाबत मी माघार घेतो. निष्पत्तीचा उल्लेख मात्र एका वाक्यात असावा, असे मला अजूनही वाटते. आणखी एक अडचण : ज्यांनी पहिली तयारी केली ते अधीक्षक बदलून गेले असतील तर त्यांचे नाव घ्यावे का? विद्यमान अधीक्षकांना ते आवडेलच असे नाही.

परिसेविका, परभणी जिल्हा
आमच्याकडे नेमके तसेच झाले आहे. सात ट्रेची पद्धत आधीच्या सरांनी बसवली, म्हणून त्या वाक्यात त्यांचा उल्लेख करावा असा माझा विचार आहे. मात्र अधीक्षकांशी आधी बोलावे की नाही, यावर विभागात एकमत झालेले नाही. पार्टोग्राफचे जुने कागद उद्या काढते. सत्काराच्या दिवशी रात्रपाळीच्या चौघी कामावर असतील, त्यामुळे हेच भाषण संध्याकाळी आठ वाजता, पाळी बदलताना, प्रसूतिगृहाबाहेरच्या खोलीत पुन्हा वाचायचे ठरवले आहे.