अनुभव धागा : गाण्याच्या गेममध्ये ठोका जुळत नाही तेव्हा

खटपट्या :
माळा आवरताना भाचीला माझं रॉक बँड २ चं प्लास्टिकचं गिटार सापडलं. २००८ ची गोष्ट. त्या गिटारात एक छोटा माइक आणि उजेड ओळखणारा सेन्सर होता. टीव्हीसमोर धरायचं, पडदा लुकलुकायचा, टिकटिक वाजायची, की गेम स्वतःच चित्राचा आणि आवाजाचा उशीर मोजून घ्यायचा. आता भाची फोनवर ओसूसारखे गेम खेळते. वायरच्या हेडफोनवर मस्त, ब्लूटूथ लावलं की सगळे ठोके 'लेट'. तुम्ही कसं जुळवता? लिहा.

चिमणी_७ :
आमच्याकडे तर मालिकेत माणूस आधी तोंड हलवतो मग बोलतो 😂 साऊंडबार आणल्यापासून. सासूबाई म्हणतात डबिंग केलंय.

ठाणेकर :
१२० हर्ट्झचा फोन घ्या, विषय संपला.

रात्रपाळी :
@ठाणेकर, अर्धंच बरोबर. ६० हर्ट्झला एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, १२० ला ८. वाचले किती? आठ-नऊ. ब्लूटूथ त्याच्या कितीतरी पट खातं.

खटपट्या, मी असं करतो. आधी डोळे मिटून फक्त टिकटिकीवर बोट मारायचं. मग आवाज बंद करून फक्त लुकलुकण्यावर. माझ्या फोनवर वायर लावून कानावर सरासरी ६० मिसे उशीर आला, डोळ्यांवर ५०. स्पर्शाचा उशीर दोन्हींत सारखाच मिसळलेला असतो, म्हणून फरक काढला की तो उडतो. उरलं काय, तर आवाज चित्राच्या १० मागे. ते जाणवतही नाही. ब्लूटूथवर कानाचा आकडा २३५ झाला, डोळ्यांचा ५० च राहिला. म्हणजे जास्तीचे १७५ हेडफोनचे, फोनचा दोष नाही.

आता नुसती सरासरी बघू नका, पसाराही बघा. सगळे ठोके २३५ च्या आसपास १५-२० मध्ये असतील तर ऑफसेट, म्हणजे तेवढ्या उशिराचा आकडा, गेममध्ये टाकला की काम झालं. कधी १५०, कधी ३०० येत असेल तर कुठलाही आकडा टाकून उपयोग नाही.

खटपट्या :
आकडा अधिक टाकायचा की उणे? भाचीने टाकला तर जास्तच बिघडलं.

रात्रपाळी :
प्रत्येक गेमचं उलटसुलट असतं. मुद्दाम २०० टाकून एक गाणं खेळायला सांगा. सरासरी आणखी लांब गेली तर चिन्ह उलटं.

तालमणी :
मी गेम खेळत नाही, तबला शिकवतो. मेट्रोनोमवर टाळी द्यायला सांगितली तर बहुतेक मुलं ठोक्याच्या किंचित आधी देतात, आणि त्यांना ते बरोबरच वाटतं. मग तुमच्या ६० मध्ये यंत्राचा उशीर किती आणि माणसाची घाई किती?

रात्रपाळी :
वेगळं काढता येत नाही, आणि गेमला गरजही नाही. आकडा तुमच्या हाताचा आहे, दुसऱ्याच्या फोनवर दुसऱ्याचा. म्हणून मित्राचा ऑफसेट उचलू नये. पण कानावरची घाई आणि डोळ्यांवरची घाई सारखीच असते का, तिथे माझंही गणित जरा लंगडं पडतं.

पोळीभाजी :
कुकर लावलाय घाईत लिहिते. माझ्या मुलाने सगळं जुळवलं, स्कोअर छान येतो, तरी म्हणतो 'टक' उशिरा वाजतं आणि त्याने गोंधळतो. त्याचं काय??

रात्रपाळी :
ताई, ते जुळणारच नाही. गाणं गेमला आधीपासून माहीत असतं, म्हणून चित्र थांबवून आवाजाशी मिळवता येतं. बोट कधी पडणार हे कुणालाच आधी माहीत नसतं. बोट पडल्यावर टक निघणार आणि ब्लूटूथमधून फिरून १७५ नंतर कानात येणार. १८० बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांत ३३३ चं अंतर, म्हणजे टक जवळजवळ मधोमध पडतं! टकचा आवाज शून्य करा नाहीतर वायर लावा.

पोळीभाजी :
शून्य केला. आता म्हणतो मजा नाही 🙄 फोनला वायरचं भोकच नाही.

ठाणेकर :
टाइप-सीचं कन्व्हर्टर मिळतं की. आणि १२० हर्ट्झला स्पर्शही लवकर कळतो, ते पण धरा!

रात्रपाळी :
काही फोनवर कळतो, मान्य. पण टच वाचण्याचा वेग आणि पडद्याचा वेग ही वेगवेगळी खाती आहेत.

चिमणी_७ :
म्हणजे आमच्या साऊंडबारला पण ऑफसेट असतो का?

खटपट्या :
टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'लिप सिंक' शोधा. पण बहुतेक ठिकाणी आवाज फक्त आणखी मागे नेता येतो, तुमचा आधीच मागे आहे. साऊंडबार कशाने जोडलाय?

चिमणी_७ :
ब्लूटूथ 😬

तालमणी :
सासूबाईंना सांगा, डबिंग नव्हे.

पोळीभाजी :
कन्व्हर्टर केवढ्याला पडतं हो?