'पुरवठ्यात वाढ' झाली की रेषा वर जाते की खाली?

उजवीकडे_बघा: मुलगी बारावीला आहे, अर्थशास्त्राच्या आकृत्या चालू आहेत. पुस्तकात 'पुरवठ्यातील वृद्धी' आणि 'पुरवठ्याचा विस्तार' असे दोन शब्द आहेत, मला तर दोन्हीचा अर्थ 'वाढ' एवढाच लागतो. तिने वृद्धीसाठी पुरवठ्याची रेषा वर सरकवली, वाढ म्हणजे वर असं म्हणून, आणि बाईंनी फुली मारली. चूक नेमकी कुठाय? शब्दात की आकृतीत?

चहाबाज: सोप्पंय हो. विस्तार म्हणजे थोडं वाढणं, वृद्धी म्हणजे जास्त वाढणं. रेषा वर जायलाच पाहिजे, बाईंना परत विचारा.

खडूफळा: चहाबाज, थोडं नि जास्त हा फरकच नाहीये. विस्तारात रेषा जागेवरून हलतच नाही, किंमत बदलली म्हणून आपण त्याच रेषेवर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर जातो. वृद्धीत किंमत तीच असताना दुसऱ्याच कशामुळे तरी, समजा उत्पादनखर्च कमी झाला म्हणून, विक्रेते जास्त माल आणतात आणि अख्खी रेषा उजवीकडे सरकते. आता पुरवठ्याची रेषा चढती असते, त्यामुळे उजवीकडे सरकली की जुन्या रेषेच्या खाली गेल्यासारखी दिसते. सगळी गोची इथेच आहे.
ताई, मुलीला एक करायला सांगा. जुन्या समतोल किमतीवर पट्टी आडवी धरायची. नवी रेषा पट्टीला जुन्या बिंदूच्या उजवीकडे छेदत असेल तर वृद्धी, डावीकडे छेदत असेल तर ऱ्हास. वर-खाली बघायचंच नाही.

प्रमाणबद्ध: आमच्या संख्याशास्त्रात विचलन म्हणजे सरासरीपासूनचं अंतर. इथे विस्तार-संकोचाला मिळून 'विचलन' म्हणतात ते कसं काय?

खडूफळा: त्याचा याच्याशी संबंध नाही, शब्द तेवढा एक. मला विचाराल तर तो मुळात चुकीच्या जागी बसवलाय, कारण 'विचलन' ऐकलं की मुलांना रेषाच हलली असं वाटतं, आणि हलते तेव्हा पुस्तक म्हणतं 'बदल'.

उजवीकडे_बघा: पट्टीचं जमलं. पण रेषा सरकली की नवा समतोल कुठे धरायचा? तिने जुनी किंमत तीच ठेवून नवा बिंदू काढलाय.

खडूफळा: हे आकडे घेऊन करू. किंमत 30 असताना मागणी 40 आणि पुरवठाही 40, हा जुना समतोल. किंमत 1 रुपयाने उतरली की मागणी 2 नगांनी वाढते, पुरवठा 1 नगाने घटतो. आता प्रत्येक किमतीला पुरवठा 15 नगांनी वाढला. 30 लाच थांबलो तर पुरवठा 55, मागणी 40, म्हणजे 15 नग पडून राहतात. तिचा बिंदू नव्या रेषेवर आहे खरा, पण मागणीच्या रेषेवर नाहीये, म्हणून तो समतोल नाही. माल पडून राहिला की किंमत उतरायला लागते, आणि 1 रुपया उतरली की ती 15 ची दरी 3 ने भरते, 2 मागणीकडून, 1 पुरवठ्याकडून. 5 रुपयांत संपली. किंमत 25, नग 50.
गंमत बघा, रेषा 15 नगांनी सरकली पण विक्री 10 नगांनीच वाढली. आणि मागणीची रेषा जागची हललीच नाही, तिच्यावर आपण 40 वरून 50 ला आलो. म्हणजे एकाच आकृतीत पुरवठ्याची वृद्धी आणि मागणीचा विस्तार! दोन वेगळे शब्द लागतात ते यासाठी. रेषा वर सरकवली असती तर उत्तर 35 रुपये, 30 नग आलं असतं, खर्च कमी होऊन माल महाग, असं उलटंच.

चहाबाज: बरं बाबा, माझं चुकलं. पण मागणी आणि पुरवठा दोन्ही वाढले तर किंमत आहे तिथेच राहते ना? आम्हाला तसंच शिकवलं होतं.

खडूफळा: दोन्ही सारख्याच नगांनी सरकल्या तरच. वरच्या उदाहरणात मागणीही 15 ने वाढली तर किंमत परत 30, नग 55. मागणी 6 नेच वाढली तर किंमत 27, 30 ने वाढली तर 35. नग तिन्ही वेळा वाढतात, किंमत मात्र कुणी किती सरकलं ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. प्रश्नात ते दिलं नसेल तर 'सांगता येत नाही' असंच लिहायचं, मुलं घाबरून काहीतरी एक लिहितात.

प्रमाणबद्ध: 'ऱ्हास' मला अजून खटकतो. मागणी 40 ची 35 झाली याला ऱ्हास? 'घट' का नको?

खडूफळा: घट घेतली तर संकोचात पण घटच होते ना. दुसरा शब्द सुचला तर सांगा, मला काही सुचत नाही.

चहाबाज: डावीसरक?