प्रतिसाद: अहवालातली पुनरुक्ती

अहवाल लिहिणाऱ्याची तक्रार अशी: "शब्द शोधला तर एकदाच सापडतो, पण वाचताना तोच तोच वाटतो."

कारण क्रियापद दरवेळी बदलतं, शेपूट मात्र तेच राहतं. शोधात पूर्ण शब्दाऐवजी ‘ण्यात आ’ एवढंच टाका. आला, आली, आले सगळे सापडतात. उदाहरणार्थ: "योजना राबवण्यात आली. विहीर खोदण्यात आली. पंप बसवण्यात आला." इथे कर्ता आणा, वाक्यं जोडा: "योजनेतून ग्रामपंचायतीने विहीर खोदून तिच्यावर पंप बसवला." कोणी केलं हेही कळलं, जे सरकारी थाटात हमखास गायब होतं.

‘विहीर’ मात्र दोनदा आली तरी राहू द्या. पुढच्या वाक्यात ‘जलस्रोत’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला ती वेगळीच गोष्ट वाटेल. जिथे संदर्भ स्पष्ट आहे तिथे ‘ती’, ‘तिचं’ पुरतं.