शब्दचर्चा: 'कोयता' रशियनमध्ये 'सेर्प' झाला, आता काय करावं?

केजकर: आमच्या भागातल्या ऊसतोड बायांवर एक छोटा माहितीपट केलाय. रशियात दाखवायचाय. आम्ही मराठी संवादांचं इंग्रजी केलं अन् तिकडच्या अनुवादकानं त्यावरून रशियन. त्याला मराठी येत नाही अन् चित्रफीतही पाठवली नव्हती, नुसती ओळींची फाइल दिली होती. एक बाई म्हणते, "दिराला घेऊन कोयता पुरा केला. उचल घेतली होती, म्हणून गेले." इंग्रजीत आम्ही कोयत्याला 'सिकल' लिहिलं, तिथून रशियनमध्ये 'सेर्प' आलं. कोयत्याला नेमका शब्द कुणी सुचवेल का?

जुनी_पाटी: चूक मराठीतून बाहेर पडतानाच झाली. सिकल म्हणजे विळा. कोयता वेगळा, विळा वेगळा. शिवाय हे अवजार रशियात हातोड्याबरोबर झेंड्यावर होतं, त्यामुळे 'सेर्प पुरा केला' वाचून तिथला माणूस भलतीकडेच जाईल. कोयता तसाच ठेवा, रशियन लिपीत लिहा. आपला शब्द आपण का सोडायचा?

केजकर: दादा, अवजाराचं नाव ठेवलं तरी अर्थ कुठं पोचतो? इथं कोयता म्हणजे जोडपं. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोला मिळून. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मालक आजारी पडले, जोडी मोडली, म्हणून ती दिराला घेऊन गेली. जोडी भरली नाही तर उचल अंगावर बसते.

रशियन_शिकवते: केजकर, रशियन ओळ मराठी अक्षरांत टाकता का? क्रियापदं अन् नात्याचा शब्द एवढंच पुरे.

केजकर: 'व्झ्याल शूरिना', अन् पुढं 'पशोल'.

रशियन_शिकवते: मग कोयत्याआधी हे बघा. 'व्झ्याल', 'पशोल' ही पुरुषाची रूपं. बाईची 'व्झ्यला', 'पश्ला'. मराठीत 'गेले' म्हटल्यावर बाई बोलतेय हे आपोआप कळतं, रशियनमध्येही भूतकाळात कळतं. मधल्या इंग्रजीत तेवढं पुसलं जातं. समोर चित्र नाही, म्हणून अनुवादकानं पुरुष धरला. आता 'शूरिन' म्हणजे बायकोचा भाऊ. दिराला रशियनमध्ये 'देवेर' असा स्वतंत्र शब्द आहे, साडूला 'स्वयाक', नणंदेला 'झालोव्का'. त्याच्या हातात 'ब्रदर-इन-लॉ' आलं. बोलणारा पुरुष मानला की त्यातून 'देवेर' निघूच शकत नाही. इंग्रजीत तुम्ही 'नवऱ्याचा भाऊ' असं फोडून लिहिलं असतं, तर बोलणारी बाई आहे हेही त्याला कळलं असतं.

केजकर: पण ताई, आम्ही रशियन उलटं इंग्रजीत करून तपासलं होतं. सगळं जुळलं!

रशियन_शिकवते: जुळणारच. 'शूरिन'चंही इंग्रजी ब्रदर-इन-लॉ अन् 'व्झ्याल'चंही 'आय टुक'. जिथं हरवलं तिथूनच परत आलात. ताळा मराठी ओळीशीच घ्यावा लागतो. इंग्रजी फाइलीत प्रत्येक ओळीशेजारी एक रकाना ठेवा: कोण बोलतंय, कुणाशी, तू का तुम्ही.

गोदाकाठ: 'देवेर' तर आपलंच! संस्कृत 'देवर' तिकडं गेलं, दुसरं काय.

रशियन_शिकवते: सर, गेलं नाही. दोन्ही एकाच जुन्या मुळातून आलेत. इंग्रजीतही त्याच मुळाचा दिराला शब्द होता, 'टाकोर', फार जुन्या इंग्रजीत. पुढं तो मेला. नाहीतर आज केजकरांना हा त्रास झाला नसता.

लातूरची_आई: माझा मुलगा तिकडं डॉक्टरकी शिकतो. मी घरमालकीणबाईंना मोबाइलवरून निरोप पाठवला, "तुम्ही जेवलात का?" ते त्यांच्याकडं 'तू जेवलास का' असं गेलं, तेही बाप्याला विचारल्यासारखं. बाई सत्तरीच्या. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. हे थांबवता येतं का?

रशियन_शिकवते: काकू, तिथंही मधे इंग्रजीच असणार, 'यू'मध्ये तू-तुम्ही एकच. रशियनमध्ये 'वी' म्हणजे तुम्ही. ते आलं असतं तर क्रियापद अनेकवचनी झालं असतं अन् बाई-पुरुष प्रश्नच उरला नसता. मुलाकडून 'वी' घालून पुन्हा पाठवा. त्या समजून घेतील.

जुनी_पाटी: पण 'दीर' हा शब्द त्या बाईनं खरंच वापरला? आमच्या आजीकडं धाकटा तो दीर, थोरला तो भाया.

गोदाकाठ: भाया आमच्या नांदेडात कधी ऐकला नाही. थोरलाही दीरच.

केजकर: आमच्याकडं दोन्ही चालतं. चित्रफितीत थोरला आहे अन् तिनं दीरच म्हटलंय.

रशियन_शिकवते: रशियनला फरक पडत नाही, 'देवेर' दोघांनाही चालतो.

जुनी_पाटी: मराठीला पडतो. थोरल्यासमोर डोक्यावर पदर असतो, त्याच्याबरोबर जोडीनं ऊस तोडणं म्हणजे काय, हे 'भाया' म्हटलं की कळतं.

केजकर: हे मी तिला विचारून येतो. कोयत्याचं मात्र राहिलंच. 'जोडी' लिहिलं तर अवजार जातं, अवजार लिहिलं तर नवरा जातो. ओळीला जेमतेम चाळीस अक्षरं आहेत.