मदत हवी आहे: ऑपरेशन झालेली कुत्री झोपेत लघवी सोडते, गोळी सांगा

राणीची_आई: आज परत गादी ओली. राणी लॅब मिक्स, पिल्लं होऊ नये म्हणून ऑपरेशन झालेलं. झोपली की खाली ओलं होते, तिला पत्ता नसतो, उठून मागचं चाटत बसते. बाहेर नेलं की नीट बसून करते. अँटिबायोटिक दिलं, फरक शून्य. पटकन गोळी सांगा, घरी पाहुणे येऊन राहिले.

शेरूचा_बाप: आमचा शेरू पण सोफ्यावर करायचा. दोनदा रागावलो, बंद.

राणीची_आई: भाऊ, तो नर आहे, टांग वर करत असन. ही झोपेत सोडते.

भोसले_काका: ऑपरेशनमुळे इस्ट्रोजेन जाते, लघवी अडवणारा वॉल्व ढिला पडतो. एस्ट्रिऑल सुरू करा, टेस्टमध्ये पैसे कशाला घालता?

डॉगवाली_ताई: काका, वॉल्वचं बरोबर, पण आधी बाकीचं तर बघू द्या. वय, वजन, कधीपासून, पाणी किती, दुसरं काही औषध?

राणीची_आई: सहा वर्षं, 28 किलो. पिल्लू असताना असं काही नव्हतं, उन्हाळ्यापासून सुरू झालं. पाणी खूप पिते, पण नागपूरचा मे आहे. औषध काहीच नाही. खाजेची गोळी तेवढी, प्रेडनिसोलोन.

डॉगवाली_ताई: अहो ते स्टेरॉइड आहे! त्याने तहान अन् लघवी दोन्ही वाढते. वॉल्व थोडा ढिला असला तर एरवी निभते, मूत्राशय तुडुंब भरलं की झोपेत गळते. 24 तासांचं पाणी मोजा. किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं तर जास्तच. पण पाणी तोडू नका अन् गोळी एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

भोसले_काका: 45 डिग्रीत कोणीही तेवढं पिईल.

डॉगवाली_ताई: म्हणूनच सकाळच्या पहिल्या लघवीची घनता बघायची. उन्हाने तहान लागली असेल तर ती घट्ट येते, स्टेरॉइड, शुगर, किडनी असेल तर बहुतेक पातळ. सुईने थेट मूत्राशयातून नमुना काढून इन्फेक्शनसाठी कल्चरही करा, अंदाजाने अँटिबायोटिक देण्यापेक्षा बरं.

राणीची_आई: 3 लिटर 200 मिली!! म्हणजे 114. घनता 1.010, शुगर नाही, कल्चरमध्ये काही नाही. डॉक्टर स्टेरॉइड कमी करून राहिले, खाजेसाठी दुसरं देतो म्हणाले.

शेरूचा_बाप: खाजेला कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ घाला, एक नंबर.

राणीची_आई: अपडेट: स्टेरॉइड पूर्ण बंद, पाणी निम्म्यावर आलं. डबकं बंद झालं, पण गाढ झोपेत चादरीवर डाग अजून पडतो.

डॉगवाली_ताई: मग उरलेलं वॉल्वचं दिसते. फिनाइलप्रोपॅनोलामाइनने वॉल्व आवळल्या जाते, पण बीपी वाढू शकते, काही कुत्री बेचैन होतात, जेवण सोडतात. डोस वजनावर, डॉक्टरच ठरवतील. सर्दीची माणसांची गोळी देऊ नका, त्यात दुसरी औषधं मिसळलेली असतात.

भोसले_काका: मी एस्ट्रिऑलच म्हणतो. वजन कितीही असो, रोज 2 मिलिग्रॅमने सुरू अन् मग कमी कमी, हिशोब सोपा.

डॉगवाली_ताई: त्याने माजावर आल्यासारखी मागून सुजते, गल्लीतले कुत्रे गेटवर जमा होतात, तेही सांगा ना काका.

राणीची_आई: आमच्या गेटवर आधीच चार बसून राहतात. बीपी कुत्रीचं कुठं मोजतात, सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात होते का?