उत्तरतालिकेत ७, मुलीने लिहिलं ८ : गुण कुणाला?

पाटीपेन्सिल : वाचनालयाच्या सामान्यज्ञान स्पर्धेचे पेपर तपासतेय. प्रश्न : भारतात केंद्रशासित प्रदेश किती? पर्याय ६, ७, ८, ९. उत्तरतालिकेत ७ दिलंय. त्यानुसार ७ लिहिणाऱ्या मुलाला ४४ गुण पडतात आणि ८ लिहिणाऱ्या मुलीला ४३. पहिला नंबर याच दोघांपैकी एकाचा. काय करू?

रोखठोक : दोघंही चूक. उत्तर ९. जम्मू-काश्मीर राज्य गेलं, त्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले. सात अधिक दोन नऊ. प्रश्न रद्द करा.

घाटमाथा : रोखठोक, तुमची बेरीज बरोबर आहे, पण ती तीन महिनेही टिकली नाही. ३१ ऑक्टोबर २०१९ ला नऊ झाले. २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन प्रदेश एक झाले, तेव्हापासून आठ. मुलीचं उत्तर बरोबर आहे, तिला गुण मिळायलाच हवा. रद्द केलात तर दोघं ४३ वर येतील, म्हणजे जिने बरोबर लिहिलं तिला त्याचा काहीच उपयोग नाही. योग्य पर्याय छापलेलाच नसता, तर रद्द करणं मी समजू शकलो असतो.

मांडवीकाठ : आम्ही गोव्यात शाळेत होतो तेव्हा आमचाच ‘गोवा, दमण व दीव’ असा केंद्रशासित प्रदेश होता! ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं, दमण-दीव वेगळं राहिलं. मग आमच्या वेळचं उत्तरही धरणार का?

घाटमाथा : आजच्या पेपरात नाही धरणार. पण तुमची तारीख इथे कामाची आहे. त्या दिवसापासून ऑक्टोबर २०१९ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षं, आकडा सातच होता. एवढ्या काळात छापलेल्या सगळ्या पुस्तकांत सातच सापडणार.

पाटीपेन्सिल, त्याच तालिकेत राज्यं किती दिलीत?

पाटीपेन्सिल : २८. ते बरोबर आहे ना? त्याचे गुण देऊन टाकलेत.

घाटमाथा : गुण बरोबर दिलेत, पण त्या २८ वर विसंबू नका. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड (तेव्हाचं उत्तरांचल) आणि झारखंड झाल्यावर राज्यं २८ झाली. २ जून २०१४ ला तेलंगणा आल्यावर २९. जम्मू-काश्मीर कमी झाल्यावर पुन्हा २८. तालिका मधल्या काळातली असती तर २९ आणि ७ दिसले असते, आजची असती तर २८ आणि ८. तुमच्याकडे २८ आणि ७ आहेत. ही जोडी फक्त २००० ते २०१४ याच काळात जुळते. म्हणजे तालिका तेलंगणाच्याही आधीची आहे, आणि तिच्यातलं २८ हे उत्तर फिरून पुन्हा बरोबर झालंय.

म्हणून एकच प्रश्न दुरुस्त करून थांबू नका. २०१४ नंतर बदलू शकणारं सगळं पुन्हा पाहा. महाराष्ट्रातले जिल्हे ३५ दिलेत का? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला, आता ३६ आहेत. नियोजन आयोगावर प्रश्न आहे का? १ जानेवारी २०१५ पासून नीती आयोग आहे. क्षेत्रफळाने सर्वांत मोठा केंद्रशासित प्रदेश विचारलाय का? आधी अंदमान-निकोबार होतं, आता लडाख. सर्वांत लहान मात्र तेव्हाही लक्षद्वीपच होतं आणि आताही तेच आहे, त्यामुळे सरसकट सगळं खोडू नका.

पाटीपेन्सिल : जिल्ह्यांचा प्रश्न आहे आणि तालिकेत ३५ आहे! लडाखचा नाही. अजून एक सांगायचं राहिलं. वाचनालयाने मुलांना सरावासाठी पुस्तिका वाटली होती. तिच्यातही ७ आणि ३५ च आहेत.

सायंशाळा : मग माझा घाटमाथांना विरोध आहे. पुस्तिका आयोजकांनीच दिली, ‘यातूनच अभ्यास करा’ म्हणून. दहा-बारा वर्षांच्या मुलाने ती पाठ केली, तर आता त्याचा गुण कोणत्या तोंडाने काढायचा? दोघांना गुण द्या, ४४-४४ होतील, पहिलं बक्षीस विभागून द्या.

घाटमाथा : पुस्तिकेची चूक आयोजकांनी मान्य करावी, मुलाला वेगळं काही द्यावं. पण पेपरावर ७ ला बरोबरची खूण करू नका. तो पेपर घरी जाईल आणि पोरगा तेच उत्तर पुढच्या परीक्षेत लिहील.

सायंशाळा : खूण नका करू, शेरा लिहा. गुण मात्र द्या. त्याने जे दिलं तेच वाचलं.

रोखठोक : दमणचं लक्षात आलं नव्हतं. पण पुस्तिका आधी वाटली असेल तर मी सायंशाळांच्या बाजूने.

पाटीपेन्सिल : जिल्ह्यांच्या प्रश्नाला दोघांनीही ३६ लिहिलंय आणि मी दोघांचेही गुण कापले होते. ते आत्ताच परत दिले. म्हणजे तालिकेप्रमाणे आता मुलगा ४५, मुलगी ४४. केंद्रशासितच्या एका गुणाचं समितीसमोर ठेवते, रविवारी बैठक आहे. बाकीच्या मुलांचे पेपर मात्र आज रात्रीच पुन्हा काढावे लागतील. ३६ लिहिलेल्या इतर मुलांचाही गुण गेलाय.