मदत हवी आहे: एप्सिलॉन प्रूफमध्ये N निगेटिव्ह येतोय!!

सबमिशन_उद्या: (n+1)/(2n+3) कन्व्हर्ज होते हे सिद्ध करायचंय, सकाळी वही द्यायचीय आणि माझा N निगेटिव्ह येतोय. आकडेमोड परत परत तपासली, बरोबरच आहे. कुठे गंडतंय लवकर सांगा प्लीज

कट्टेकरी: वरखाली n ने भाग, 1/n शून्याकडे जातं, उत्तर 1/2. एवढ्यासाठी धागा?

सबमिशन_उद्या: 1/2 माहितीय हो! व्याख्येवरूनच करायचंय, लिमिटचे नियम वापरायचे नाहीत

गणोबा: N काढलास कसा ते टाक की आधी. आणि एप्सिलॉन किती घेतलास?

सबमिशन_उद्या: 1/2 वजा केलं की −1/(4n+6) उरतं. मग 1/(4n+6) < ε वरून n > 1/(4ε) − 3/2. ε = 1 टाकलं तर −1.25

गणोबा: मग चुकलंय कुठे? पहिलंच पद 2/5 आहे, म्हणजे 1/2 पासून फक्त 0.1 लांब. तू 1 एवढी सूट दिलीस तर सगळीच पदं त्यात बसणार, कुठूनही सुरू कर, N = 1 घे. खरं तर ते −3/2 सांभाळायची गरजच नाही. 6 सोडून दे, 1/(4n+6) < 1/(4n), आणि 1/(4ε) पेक्षा मोठा कुठलाही नैसर्गिक N घे, तो निगेटिव्ह येऊच शकत नाही.

रात्रपाळी: सोडायचं कशाला, 4n+6 ≤ 10n आहेच, N > 1/(10ε) घ्या, अजून लहान येतो

गणोबा: उलटी दिशा झाली राव. खालचं वाढवलं की अपूर्णांक लहान होतो, आपल्याला वरून झाकायचंय. ε = 0.01 ला तुमचा N 11 चालायला हवा, तिथे अंतर 1/50 येतं, म्हणजे 0.02. नेमकं बघितलं तर 23 ला 1/98 आणि 24 ला 1/102, म्हणजे 24 पासून जमतं. माझ्या पद्धतीने 26 येतो, दोन पदं उशिरा, पण सगळ्यात लहान N कोणी मागितलाय?

कट्टेकरी: आमच्या सरांना 24 च लागायचा. max(1, …) लिहा आणि मोकळे व्हा

गणोबा: सरांना लागत असेल, व्याख्येला लागत नाही.

आईची_काळजी: मुलगी अकरावीला आहे, हे जेईईला येतं का? क्लासवाले काहीच सांगत नाहीत

सबमिशन_उद्या: काकू प्लीज नंतर!! गणोबा, मग मी 1/(4n+6) < ε पासूनच सुरू करून लिहू ना?

गणोबा: ते कच्च्या कागदावर. वहीत आधी "ε > 0 दिला आहे, N > 1/(4ε) घेऊ", मग n ≥ N असेल तर अंतर = 1/(4n+6) < 1/(4n) ≤ 1/(4N) < ε. जे सिद्ध करायचंय तेच गृहीत धरल्यासारखं दिसलं की मार्क जातात.

सबमिशन_उद्या: आमच्या नोट्समध्ये n > N आहे, n ≥ N नाही. बदलावं लागेल का?

रात्रपाळी: 10n वाल्याचं मला अजून पटलेलं नाही